आलेख अक्ष छेदतो की नुसता स्पर्श करतो? मुळाची बहुलता ठरवताना या चुका टाळा

बहुपदीची वास्तव मुळे सापडली की तिचा आलेख X-अक्षाला कोठे कोठे भेटतो हे कळते. मात्र तेथे तो अक्ष ओलांडून पलीकडे जातो की अक्षाला स्पर्श करून आल्या बाजूला परततो, हे त्या मुळाच्या बहुलतेवर ठरते. बहुपदीचे पूर्ण अवयव पाडल्यावर (x − a) हा अवयव जितक्या वेळा येतो, ती a या मुळाची बहुलता होय. बहुलता विषम असेल तर आलेख अक्ष छेदतो आणि सम असेल तर स्पर्श करून परततो. नियम बहुतेकांना पाठ असतो; चुका होतात त्या तो लावताना.

पुढील उदाहरण घेऊ.

p(x) = x³(x − 2)(x² − 4)

येथे सर्वाधिक आढळणारी चूक अशी: (x − 2) चा घात 1 दिसतो, म्हणून 2 पाशी आलेख छेदतो असे लिहिले जाते, आणि x² − 4 मध्ये वर्ग दिसतो, म्हणून −2 पाशी तो स्पर्श करतो असे मानले जाते. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. कंसातील x चा घात म्हणजे बहुलता नव्हे. संपूर्ण रेषीय अवयवाचा घात पाहावा लागतो. x² − 4 चे (x − 2)(x + 2) असे अवयव पाडून समान अवयव एकत्र केले, की खरे रूप समोर येते:

p(x) = x³(x + 2)(x − 2)²

आता −2 ची बहुलता 1, 0 ची 3 आणि 2 ची 2 आहे. म्हणजे आलेख −2 आणि 0 पाशी छेदतो, तर 2 पाशी स्पर्श करतो. पडताळा घेण्यासाठी प्रत्येक दोन मुळांच्या मधली आणि दोन्ही टोकांपलीकडची एकेक किंमत पुरते: p(−3) = 675, p(−1) = −9, p(1) = 3, p(3) = 135. चिन्ह −2 आणि 0 ओलांडताना बदलते. 2 च्या दोन्ही बाजूंना ते धनच राहते.

असे का घडते, हे समजून घेतले तर नियम विसरण्याची भीती राहत नाही. मूळ a ची बहुलता m असेल तर p(x) = (x − a)ᵐ q(x) असे लिहिता येते, आणि q(a) शून्य नसते. बहुपदी सतत असल्यामुळे a च्या अगदी जवळ q(x) चे चिन्ह बदलत नाही. चिन्ह बदलले तर ते केवळ (x − a)ᵐ मुळेच बदलते. आपल्या उदाहरणात 2 च्या जवळ उरलेला भाग x³(x + 2) सुमारे 8 × 4 = 32 असतो, म्हणून तेथे आलेख 32(x − 2)² सारखा दिसतो. त्याचप्रमाणे 0 च्या जवळ तो 8x³ सारखा आणि −2 च्या जवळ −128(x + 2) या सरळ रेषेसारखा असतो. आलेख हाताने काढताना ही तीन छोटी रूपे फार उपयोगी पडतात.

यातूनच दुसरी चूक लक्षात येते. 0 पाशी स्पर्शिका आडवी आहे, म्हणजे X-अक्ष हीच स्पर्शिका आहे, आणि ते पाहून अनेक जण तेथे आलेख परत वळवतात. आडवी स्पर्शिका बहुलता 2 किंवा अधिक असल्याचे सांगते. ती सम आहे की विषम, हे सांगत नाही. 8x³ अक्षाला लगटून सपाट होतो आणि तरीही पलीकडे जातो.

समीकरण सोडवताना x ने भागण्याची सवयही घातक ठरते: x³ = x² च्या दोन्ही बाजूंना x² ने भागले की x = 1 उरते आणि 0 हे बहुलता 2 असलेले मूळ हातचे निसटते.

संगणकावर मुळे शोधताना अडचण वेगळी असते. द्विभाजन पद्धत दोन टोकांना विरुद्ध चिन्हे असतील तरच चालते. p(1) आणि p(3) दोन्ही धन असल्यामुळे 1 ते 3 या अंतराळात ती सुरूच करता येत नाही, आणि मूळ नाही असा गैरसमज होतो. याउलट x² − 4x + 3.9999 चा आलेख पडद्यावर 2 पाशी अक्षाला टेकल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात त्याची मुळे 1.99 आणि 2.01 अशी भिन्न आहेत, आणि शेवटचे पद 4.0001 केले तर वास्तव मूळच उरत नाही. अशा वेळी चित्र मोठे करून पाहावेच, पण निर्णय गणनेने करावा: a हे पुनरावृत्त मूळ असण्यासाठी p(a) आणि विकलज p′(a) दोन्ही नेमके शून्य असावे लागतात. येथे 2 पाशी विकलज 2x − 4 शून्य आहे, परंतु बहुपदीची किंमत −0.0001 येते, म्हणून 2 हे मूळच नाही, आणि आलेख अक्षाखाली उतरून त्याला दोनदा छेदतो.