नवपदवीधरांसाठी मुलाखतीचा व्हिडिओ : तीनच मुद्दे, पण नेमके

पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी नवपदवीधरांच्या तांत्रिक मुलाखती मी अनेक वर्षे घेत आलो आहे. गावाकडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील मुलांनी मुलाखतीच्या तयारीवर एक छोटा व्हिडिओ मागितला, तेव्हा 'आत्मविश्वास ठेवा, हसतमुख राहा' हे त्यात बोलायचे नाही, असे मी आधीच ठरवले. कारण हे सल्ले ऐकून आलेला उमेदवारही पहिल्या पाच मिनिटांत अडतो, आणि तो अडतो त्या जागा बहुतेक ठरलेल्या असतात. व्हिडिओत मी त्यांपैकी तीनच घेतल्या. इथे त्या थोड्या सविस्तर मांडतो.

पहिली जागा म्हणजे शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. चेहरा ओळखून हजेरी लावणारी प्रणाली हा आवडता विषय आहे आणि गटात बहुधा चार जण असतात. 'प्रकल्पाबद्दल सांगा' म्हटले की उमेदवार 'आम्ही ओपनसीव्ही वापरले, आम्ही डेटाबेस केला' असे सांगू लागतो आणि त्या 'आम्ही'मध्ये त्याचा स्वतःचा वाटा दिसेनासा होतो. त्याऐवजी पुढच्यासारखे उत्तर तयार ठेवावे : 'चौघांच्या गटात हजेरीची नोंद साठवण्याचा भाग माझ्याकडे होता. एकच विद्यार्थी कॅमेऱ्यासमोरून दोनदा गेला की त्याच्या दोन नोंदी पडत होत्या. म्हणून विद्यार्थी क्रमांक, तारीख आणि तासिका या तिन्हींवर मिळून मी युनिक कन्स्ट्रेंट लावला.' एवढे बोलायला अर्धे मिनिटही लागत नाही, पण त्यात स्वतःचे काम, आलेली अडचण आणि केलेला उपाय हे तिन्ही येते.

या उत्तराचा खरा फायदा पुढच्या प्रश्नात दिसतो. मुलाखत घेणारा आता विचारणार, की दुसरी नोंद टाकण्याचा प्रयत्न झाला तर प्रोग्रॅमचे काय होते? डेटाबेस ती नोंद नाकारून त्रुटी परत करतो, आणि ती त्रुटी प्रोग्रॅममध्ये हाताळली नाही तर हजेरी चालू असतानाच प्रोग्रॅम बंद पडू शकतो. ज्याने हे काम हाताने केले आहे त्याला हे ठाऊक असते. दुसऱ्याच्या भागाचे श्रेय घेणारा मात्र नेमका इथे गप्प होतो. म्हणून आपला वाटा छोटा असला तरी तोच सांगावा. घरी तयारी करताना मित्राला आपल्या उत्तरावर सलग तीन वेळा 'का?' किंवा 'मग काय झाले?' असे विचारायला लावावे. जिथे उत्तर संपते तिथपर्यंतच आपली तयारी झालेली आहे, असे समजावे.

दुसरी जागा एसक्यूएलची. 'दुसऱ्या क्रमांकाचा पगार शोधा' हा प्रश्न इतका जुना आहे की अनेकांचे उत्तर पाठ असते :

```sql
SELECT salary FROM employee
ORDER BY salary DESC
LIMIT 1 OFFSET 1;
```

समजा, तक्त्यात 50000, 50000 आणि 40000 असे तीन पगार आहेत. ही क्वेरी 50000 देते, कारण ती दुसऱ्या क्रमांकाची ओळ शोधते. दुसरा वेगळा पगार 40000 आहे. `SELECT DISTINCT salary` लिहिले की उत्तर बरोबर येते. मी इथे बघतो ते एवढेच, की लिहायला घेण्याआधी उमेदवार 'दोघांचा पगार सारखा असू शकतो का?' असे विचारतो का, आणि लिहून झाल्यावर तीन-चार ओळींचा नमुना कागदावर मांडून उत्तर स्वतः तपासतो का. ज्याला `DISTINCT` आठवले नाही, पण '50000 दोनदा आले तर हे चुकेल' हे ज्याने स्वतःहून दाखवले, त्याला मी पाठ केलेले बरोबर उत्तर देणाऱ्यापेक्षा वरचे गुण देतो.

तिसरा मुद्दा छोटा आहे. शेवटी 'तुम्हाला काही विचारायचे आहे का?' असे म्हटल्यावर बहुतेक जण 'नाही, सर' म्हणून उठतात. मोठ्या सेवा कंपन्यांत प्रशिक्षणानंतर कोणाला डेव्हलपमेंट, कोणाला टेस्टिंग, तर कोणाला सपोर्टचे काम मिळते. म्हणून 'प्रशिक्षणानंतर काम कोणत्या निकषावर दिले जाते?' हे तिथेच विचारावे. त्या उत्तरावर आपली पहिली काही वर्षे अवलंबून असतात आणि हा प्रश्न विचारल्याने कोणाचेही मत वाईट होत नाही. बाँडची मुदत, तो मोडल्यास भरावी लागणारी रक्कम आणि मूळ गुणपत्रिका जमा करण्याची अट असल्यास ती, या गोष्टी मात्र एचआरच्या फेरीत विचाराव्यात आणि ऑफर लेटरवर सही करण्यापूर्वी लेखी घ्याव्यात.