मेयोनीज फाटू न देता कसं फेटावं

बाटलीत तेल आणि पाणी घालून कितीही जोरात हलवा, थोड्या वेळात तेल वर येतंच. वर येतं कारण ते हलकं असतं. पण मिसळत का नाही, याचं कारण वेगळं आहे. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात आणि तेलाच्या रेणूंना त्या पकडीत सामील होता येत नाही. त्यामुळे तेलाचे दोन थेंब भेटले की एक होतात आणि पाण्याला लागणारा त्यांचा पृष्ठभाग कमी होतो. मेयोनीज करायचं म्हणजे ही भेट टाळायची.

हे काम अंड्याचा पिवळा बलक करतो. त्यातल्या लेसिथिनच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. लेसिथिन आणि बलकातली प्रथिनं मिळून प्रत्येक थेंबाभोवती आवरण धरतात.

साहित्य: १ बलक, १ मोठा चमचा व्हिनेगर, १ छोटा चमचा मोहरीची पेस्ट, चिमूटभर मीठ, १८० मिली बिनवासाचं तेल. अंडं कच्चंच राहतं, म्हणून पाश्चराइज्ड मिळालं तर उत्तम.

१. तेल सोडून सगळं अर्धा मिनिट फेटा. भांड्याखाली ओलं फडकं ठेवा, म्हणजे एक हात तेलासाठी मोकळा राहील.

२. पहिले दोन मोठे चमचे तेल अक्षरशः थेंबाथेंबाने घाला, फेटणं थांबवू नका. खरी परीक्षा इथेच असते. एकदम जास्त तेल पडलं तर ते बारीक फुटायच्या आणि त्यावर आवरण बसायच्या आत पुन्हा एकत्र येतं.

३. मिश्रण फिकट आणि दाट झालं की बारीक धार चालेल. आता आधीच्या थेंबांची इतकी दाटी झालेली असते की नवं तेल त्यांच्यात रगडलं जाऊन आपोआप बारीक होतं. शेवटी पाचातले जवळपास चार भाग तेल असतं आणि त्या दाटीमुळेच मेयोनीज चमच्यावर उभं राहतं. फारच घट्ट झालं तर छोटा चमचाभर पाणी घाला. थेंबांमधली जागा वाढते.

कडेला तेल सुटलं, मिश्रण पातळ आणि दाणेदार दिसू लागलं, म्हणजे फाटलं. जास्त जोर लावून उपयोग नाही. दुसऱ्या भांड्यात नवा बलक घ्या आणि फाटलेलं मिश्रण हेच तेल समजून थेंबाथेंबाने त्यात फेटा.

दुधात हीच व्यवस्था तयार असते, स्निग्धाच्या प्रत्येक गोळीला स्वतःचं पातळ आवरण असतं. गोळ्या मोठ्या असल्यामुळे त्या हळूहळू वर येतात, पण सहसा फुटून तेल होत नाहीत. होमोजिनाइज्ड दुधात त्या दाबाखाली इतक्या बारीक केलेल्या असतात की जुनं आवरण पुरत नाही. उघडा पडलेला पृष्ठभाग मुख्यतः केसिन हे प्रथिन झाकतं, आणि साय वर जमत नाही.

तयार मेयोनीज फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. फ्रीजरमध्ये मात्र नको: बर्फाचे स्फटिक थेंबांची आवरणं फोडतात आणि वितळल्यावर वाटीत तेल वेगळं दिसतं.