अन्नजाळ्याचा पाठ आणि शाळेच्या आवारातली पाहणी: या चुका टाळा

आठवी-नववीला अन्नजाळं शिकवताना मुलांना आवारात पाहणीसाठी नेलं, की हमखास एक गोष्ट घडते. मुलं वह्या भरून नावं आणतात आणि वर्गात परतल्यावर फळ्यावर गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड असं जाळं उतरतं. आवारात साप कुणी पाहिलेला नसतो, गरुडाचा तर प्रश्नच नाही. पाहणी बाजूला राहते आणि पुस्तकातलं चित्र पुन्हा काढलं जातं. नावांची यादी बहुतेक वेळा ठीक असते, घोळ बाणांमध्ये असतो. कोण कुणाला खातं हे पाहून यायला मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून पाठाचा आराखडा बाणांपासून सुरू करावा. तीन तासिका लागतात. पहिल्या तासिकेत तक्ता समजावून द्यायचा, दुसरीत पाहणी, तिसरीत जाळं. पाच-पाच जणांचे गट पुरेत. प्रत्येक गटाला चार मीटर सुतळी आणि चार खुंट्या (एक मीटर बाजूचा चौकोन आखायला), एक भिंग, एक पांढरा कागद. पकडायला बरण्या देऊ नका. बरणीतला जीव काहीच खात नाही, आणि आपल्याला तर त्याचं खाणंच पाहायचं आहे.

तक्त्यात पुराव्याचा रकाना नसणं

नेहमीच्या तक्त्यात जीवाचं नाव, संख्या आणि ठिकाण एवढंच असतं. त्यामुळे रुईच्या पानावर मुंगी दिसली की मुलं ‘मुंगी रुई खाते’ असं लिहून मोकळी होतात. त्यात दोन रकाने वाढवा: ‘काय करताना दिसला’ आणि ‘पुरावा’. पुराव्याला तीन खुणा ठेवा. खाताना प्रत्यक्ष पाहिलं तर ‘प्र’. कुरतडलेलं पान, विष्ठा, जाळ्यात अडकलेली माशी अशी खूण सापडली तर ‘खू’. पुस्तकात वाचलं किंवा कुणी सांगितलं तर ‘पु’. जाळं काढताना ‘प्र’चा बाण सलग रेघेचा, ‘खू’चा तुटक आणि ‘पु’चा ठिपक्यांचा. कागदावर नुसती नजर टाकली तरी कोणत्या गटाने काय पाहिलं आणि काय आठवून लिहिलं ते कळतं. पुस्तकी बाणांवर बंदी घालू नका, फक्त ते वेगळे दिसू द्या.

नावासाठी अडून बसणं

‘सर, याला काय म्हणतात?’ यातच पाहणीची तासिका संपते. जात ओळखता आली नाही तरी चालतं. ‘बारीक काळी मुंगी’, ‘पिवळा मावा’ एवढं नाव पुरतं, शेजारी छोटं चित्र हवं. नुसतं ‘किडा’ मात्र चालवून घेऊ नका, कारण एका ‘किड्या’त पान खाणारा आणि मावा खाणारा असे दोघेही बसतात.

अवस्था मात्र लिहायलाच हवी. रुईवरचा पट्टेरी सुरवंट पानं खातो, त्याचंच फुलपाखरू फुलातला मध पितं. जाळ्यात त्यांचे बाण वेगळे निघतात. उलट लाल-नारिंगी ठिपकेदार चित्रांग भुंगेऱ्याची काळपट, लांबट, मगरीसारखी दिसणारी अळी मुलांना पान खाणारी कीड वाटते. ती प्रौढ भुंगेऱ्यासारखाच मावा खाते.

दिसायला सारखा, म्हणून खायलाही सारखा

पावसाळ्यात आवाराच्या कडेला गाजर गवत असतंच. त्यावर घुमटासारख्या पाठीचा, चित्रांग भुंगेऱ्याएवढा एक भुंगेरा दिसतो. हा मेक्सिकन भुंगेरा. गाजर गवताला आळा घालण्यासाठी तो १९८४ मध्ये मुद्दाम भारतात सोडला गेला. तो आणि त्याच्या अळ्या गाजर गवताची पानं खातात, मावा खात नाहीत. मुलं त्याला हमखास भक्षकांच्या ओळीत बसवतात. फरक पाठीवर दिसतो: चित्रांग भुंगेऱ्याला ठिपके किंवा नागमोडी रेषा, याच्या पांढुरक्या पाठीवर गडद उभे वेडेवाकडे पट्टे. ठिपके लक्षात राहिले नाहीत तर शेजारची पानं पाहायला सांगा. गाजर गवताची पानं चाळणीसारखी झाली असतील आणि आसपास मावा नसेल, तर भुंगेरा काय खातो हे सांगावं लागत नाही.

गाजर गवत हाताने उपटायला लावू नका, काहींच्या त्वचेला त्याने खाज येते. रुईचं पान तोडून पाहणंही नको. तो चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते.

बाण उलटा काढणं

ही चूक सर्वांत जास्त होते आणि तिचं कारण साधं आहे. आपण ‘भुंगेरा माव्याला खातो’ असं म्हणतो. वाक्यात भुंगेरा आधी येतो, म्हणून बाणही त्याच्यापासून निघतो. ‘बाण ऊर्जेच्या दिशेने काढा’ असं दहा वेळा बजावून फरक पडत नाही. वाक्यच बदलून द्या: ‘मावा भुंगेऱ्याच्या पोटात जातो.’ बाण ‘पोटात’च्या दिशेने काढायचा. प्रत्येक बाणाजवळ मुलाने हे वाक्य पुटपुटून पाहावं. ‘भुंगेरा माव्याच्या पोटात जातो’ असं निघालं की मुलं स्वतःच हसतात आणि खोडरबर शोधतात.

एका रुईच्या झुडपाचं जाळं

अख्खं आवार पहिल्याच वेळी घेऊ नये, असं माझं मत आहे. कुंपणाशी उगवलेलं एक रुईचं झुडूप घ्या, पंधरा मिनिटं गप्प उभं राहून पाहा. त्यात काय काय सापडतं आणि कुठे अडतं ते बघू.

कोवळ्या शेंड्यावर पिवळा मावा चिकटलेला असतो. तो सोंड रुतवून रस शोषतो, म्हणजे रुईकडून माव्याकडे सलग बाण. माव्यावर काळ्या मुंग्या फिरतात. मुलं लिहितात, ‘मुंगी माव्याला खाते’. भिंगातून नीट पाहिलं तर मुंगी मिशांनी माव्याला थोपटते आणि त्याच्या मागून येणारा गोड थेंब पिते. बाण माव्याकडून मुंगीकडे जातो हे बरोबर, कारण अन्न तिकडेच चाललं आहे. पण मावा मरत नाही, तेव्हा बाणावर ‘गोड स्राव’ असं लिहावं. मग एखादी मुंगी चित्रांग भुंगेऱ्याला हुसकावून लावते. इथे मुलांना मुंगीकडून भुंगेऱ्याकडे बाण काढायची घाई होते. कुणी कुणाला खाल्लं का? नाही. मग अन्नजाळ्यात हा बाण नाही. तक्त्याखाली ‘इतर संबंध’ अशी ओळ ठेवून तिथे ती नोंद घ्या. फुलावर आलेल्या मोठ्या काळ्या भुंग्याचंही तेच. त्याला मध मिळतो म्हणून फुलाकडून भुंग्याकडे बाण, आणि रुईला परागीभवन मिळतं ते ‘इतर संबंध’मध्ये.

माव्याच्या गर्दीत काही फुगलेले, तपकिरी, निर्जीव मावे दिसतात. काहींच्या पाठीला गोल भोक असतं. मुलं ते ‘मेलेले’ म्हणून सोडून देतात. एका बारीक गांधीलमाशीने माव्याच्या अंगात अंडं घातलेलं असतं, तिची अळी आतून मावा खाऊन मोठी होते आणि भोक पाडून बाहेर पडते. गांधीलमाशी दिसली नाही तरी भोक दिसलं. ‘खू’चा, तुटक रेघेचा बाण समजवायला याहून चांगली जागा आवारात मिळणार नाही.

आता पट्टेरी सुरवंट. पानाची कड कुरतडताना तो दिसला म्हणजे सलग बाण. त्यापुढे प्रत्येक गट ठिपक्यांचा बाण काढतो: सुरवंट ते पक्षी. पुस्तकात तसं असतं. पण रुईच्या चिकातली विषारी द्रव्यं हा सुरवंट अंगात साठवतो, आणि पुढे फुलपाखरातही ती उरतात. भडक रंग पाहून बरेच पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. ‘पु’ची खूण नसती तर हा बाण बाकीच्यांत मिसळून गेला असता. ती आहे म्हणून वर्गात प्रश्न विचारता येतो: कुणी पक्ष्याला हा सुरवंट खाताना पाहिलं का? तारेवर बसलेला कोतवाल उडते किडे टिपताना दिसला असेल, तर त्याचा बाण काढा, पण कोणता किडा ते दिसलं नसेल तर ‘उडणारा किडा’ एवढंच लिहा.

चौकोनात पक्षी शोधणं

सुतळीचा चौकोन जमिनीवरच्या आणि हळू चालणाऱ्या जीवांसाठी असतो. पक्षी, फुलपाखरं, चतुर त्यात येत नाहीत, आणि मग ‘आमच्या आवारात भक्षकच नाहीत’ असा निष्कर्ष निघतो. गटातल्या एकाला दहा मिनिटं चौकोनाबाहेर बसवून फक्त वर पाहायला सांगा. चौकोन कुठे आखायचा यावर फार चर्चा नको. जीवांची संख्या मोजून तुलना करायची असेल तर जागा चिठ्ठ्या टाकून ठरवावी लागते. जाळ्यासाठी मात्र जागा जाणूनबुजून वेगवेगळ्या निवडलेल्या बऱ्या: एक गट गवतात, एक झुडपापाशी, एक झाडाच्या बुंध्याशी, एक पालापाचोळ्यात.

वेळही सांभाळा. दुपारी बारा-एकला आवार ओस पडतं. दुपारच्या शाळेत शेवटची तासिका घ्या. ऑगस्ट-सप्टेंबर सोयीचे. उन्हाळ्यात हाच पाठ घेतला तर हाती मुंग्या आणि कावळे लागतात.

झाडून काढलेलं आवार

जाळ्यात विघटक का येत नाहीत? कारण सकाळीच पाला झाडून पेटवलेला असतो. शाळेच्या सेवकांना महिनाभर आधी विनंती करून एका झाडाखालचा कोपरा न झाडता ठेवा. पहिला मोठा पाऊस झाला की तिथे जीव यायला लागतात. ओंजळभर ओला पाला पांढऱ्या कागदावर पसरला की वाणी (पुण्याकडे पैसा म्हणतात), गांडुळाचं पिल्लू, पानांवर बुरशीचे पांढरे धागे दिसतात. वाणी आणि गोम यांची अदलाबदल होते, आणि त्यामुळे पूर्ण बाण चुकतो. वाणी संथ, हात लावला की वेटोळं करते, कुजका पाला खाते. गोम चपळ, चपटी, किडे मारून खाते आणि चावते. म्हणून पाला काडीनेच उकरायचा. वीट उचलायची तर पलीकडची कड धरून आपल्याकडे कलती करायची. विटेखाली विंचू असला तर मध्ये वीट राहते. पाहून झालं की वीट होती तशी ठेवायची.

जाळ्यात मग ‘मेलेले अवशेष’ असा एक चौकोन काढावा. प्रत्येक जीवापासून त्याकडे बाण काढत बसलं तर चित्राचा गुंता होतो. झाडापासून एक जाड बाण आणि बाकी सगळ्यांतर्फे एक बाण पुरे. त्या चौकोनातून वाणी, गांडूळ, बुरशी यांच्याकडे बाण जातात.

गुण कशाला द्यायचे

बाणांची संख्या मोजून गुण दिले की पुढच्या वर्षी ठिपक्यांचे बाण भरमसाट वाढतात. एका सलग बाणाला दोन, तुटक बाणाला खूण सांगता आली तर दोन, ठिपक्यांच्या बाणाला अर्धा असं ठेवा. मग एक प्रश्न विचारा: रुईवरचा सगळा मावा उद्या नाहीसा झाला तर? ‘सगळे मरतील’ या उत्तराला गुण नाहीत. रुईच्या जाळ्यावर बोट ठेवून उत्तर यायला हवं. चित्रांग भुंगेरा दुसरीकडे मावा शोधायला उडून जाईल. बारीक गांधीलमाशीला अंडी घालायला जागा राहणार नाही. मुंगीचं गोड थेंबाचं खाणं तुटेल, पण ती फुलातला रस आणि मेलेले किडेही खाते, म्हणून तगेल. सुरवंटाला काहीच फरक पडणार नाही, कारण त्याचा बाण थेट रुईकडून आला आहे. एखादा मुलगा म्हणाला की मुंग्या कमी झाल्या तर सुरवंटाची अंडी जास्त वाचतील, तर त्याला विचारा: मुंगी अंडं नेताना पाहिलीस का? पाहिली नसेल तर ठिपक्यांचा बाण.