कार्डावर जादा पडलेले पैसे बँकेत आणताना या चुका टाळा

आमच्या मेहुण्यांनी नाशिकच्या मेनरोडवरून क्रेडिट कार्डावर २४,५०० रुपयांचं वॉशिंग मशीन घेतलं. घरी आलं तेव्हा दार चेपलेलं, म्हणून परत पाठवलं. तोवर बिल भरून झालं होतं. चार दिवसांनी रिफंड कार्डावर आला आणि ॲपमध्ये २४,५०० पुढे Cr दिसू लागलं. Cr म्हणजे जमा. बँक तुमचं देणं लागते. मेहुणे मात्र ती थकबाकी समजून पुन्हा भरायला निघाले होते! बिल चुकून दोनदा भरलं, तरी असंच जादा पैसे पडून राहतात.

दुसरी चूक ते करता करता वाचले. एटीएममधून ही रक्कम काढू म्हणाले. पण पैसे जमा असले तरी क्रेडिट कार्डाने रोख काढली की बऱ्याच बँका रोख काढण्याचं शुल्क लावतातच.

खरी फसगत होते ती बँकेच्या संमतीच्या एसएमएसमध्ये. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, आधीच भरलेल्या व्यवहाराचा रिफंड कार्डाच्या मर्यादेच्या १ टक्का किंवा ५,००० रुपये, यातल्या कमी रकमेपेक्षा जास्त असेल, तर तो कार्डावरच ठेवायला बँकेने सात दिवसांत तुमची संमती मागायची असते. मेहुण्यांची मर्यादा २ लाख, म्हणजे सीमा २,००० रुपये. संमती दिली नाही किंवा उत्तरच दिलं नाही, तर पैसे बँक खात्यात परत जायला हवेत. लोक मात्र 'हो म्हटलं की पैसे मिळतील' असं समजून होकार देतात, आणि पैसे कार्डावरच राहतात.

रक्कम छोटी असो वा मोठी, परत मागण्याचा हक्क आहेच. विनंती मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत पैसे खात्यात आले पाहिजेत. बिल दोनदा भरलं असेल तर संमतीच्या एसएमएसची वाट पाहू नका. तो नियम रिफंडसाठी आहे. सरळ विनंती करा.

विनंती ईमेलने किंवा ॲपमधल्या तक्रार विभागातून करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. नुसत्या फोनवर बोलून मागे काही उरत नाही. खातं कार्डधारकाच्याच नावाचं द्या. बायकोच्या खात्याचा नंबर दिला तर अर्ज अडकण्याचीच शक्यता जास्त. रक्कम आजची शिल्लक पाहून लिहा. मेहुण्यांनी मध्ये १,३०० चा किराणा भरला होता, त्यामुळे मागायचे होते २३,२०० आणि त्यांनी लिहिले २४,५००. अर्ज परत आला, आठवडा गेला.

खरेदी हप्त्यांवर असेल तर रिफंडनंतर हप्ते बंद झालेत का तेही विचारा. नाहीतर पैसे परत येऊनही हप्ता लागत राहतो.

पैसे खात्यात आल्यावर पुढच्या स्टेटमेंटमध्ये तेवढ्याच रकमेची नावे, म्हणजे डेबिटची, नोंद दिसेल. ती नवी खरेदी नव्हे. मेहुण्यांचा त्यावरही एक फोन आला होताच.