लॉस मधेच उसळायचा, कारण ऑप्टिमायझरमध्ये निघालं

जळगावात आम्ही मराठी-अहिराणी मजकुरावर एक छोटं भाषा-मॉडेल शिकवत होतो. लॉस छान उतरायचा आणि मधेच एकदम उसळायचा. पहिला संशय खराब बॅचवर गेला. उसळीच्या आधीच्या चेकपॉइंटवरून त्याच बॅचेस पुन्हा चालवल्या, तर उसळी त्याच जागी आली. पण तीच बॅच बऱ्याच जुन्या चेकपॉइंटवर चालवली तेव्हा काहीच झालं नाही. म्हणजे दोष एकट्या डेटाचा नव्हता. ही दुहेरी तपासणी मला सर्वांत मोलाची वाटते.

मग थरागणिक अपडेटचा आकार छापला. क्वचित येणाऱ्या अहिराणी शब्दांच्या एम्बेडिंग ओळी भलत्याच उड्या मारत होत्या. हाती आलेल्या स्क्रिप्टमध्ये अख्खं मॉडेल `.half()` केलेलं होतं, त्यामुळे ॲडम ऑप्टिमायझरची स्थितीही फ्लोट१६ मध्ये होती. ॲडम ग्रेडियंटच्या सरासरीला त्याच्या वर्गांच्या सरासरीच्या वर्गमुळाने भागतो, आणि छेद शून्य होऊ नये म्हणून त्यात एप्सिलॉन हा छोटा आकडा मिळवतो. तिथे सर्वांत लहान धन संख्या साधारण 6e-8. ग्रेडियंट 1e-4 असेल तर त्याचा वर्ग 1e-8, म्हणजे थेट शून्य!

```python
torch.tensor(1e-8).half()  # 0
```

नेहमीचा एप्सिलॉन 1e-8 सुद्धा असाच शून्य होतो आणि NaN येतो. ते टाळायला स्क्रिप्टमध्ये 1e-6 ठेवला होता. NaN थांबले, पण छेदात फक्त 1e-6 उरला. जिथे पाऊल लर्निंग रेटच्या साधारण 1 पट हवं, तिथे 1e-4 भागिले 1e-6, म्हणजे 100 पट पडत होतं. ग्रेडियंट क्लिपिंग इथे निरुपयोगी, कारण ग्रेडियंट मुळात लहानच होते.

वजनं आणि ॲडमची स्थिती फ्लोट३२ मध्ये ठेवली, गणितापुरतं `autocast` आणि सोबत `GradScaler` लावलं, एप्सिलॉन परत 1e-8 केला. त्याच चेकपॉइंटवरून, त्याच बॅचेसवर लॉस सरळ पुढे उतरत गेला.