पुडीवरचं पाण्याचं माप आधी वाचा: ओआरएस, अ‍ॅसिडिटी आणि पोट साफ करण्याच्या पावडरींमधल्या या चुका टाळा

"जुलाबाची पावडर द्या," असं काउंटरवर कुणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "जुलाब होतायत म्हणून, की होत नाहीत म्हणून?" तालुक्याच्या गावात वीस वर्षं मेडिकल चालवतोय आणि हा प्रश्न विचारल्याशिवाय मी पुडीला हात लावत नाही. आपल्याकडे जुलाब होतातही आणि जुलाब घेतातही. जुन्या माणसांच्या तोंडी 'जुलाबाचं औषध' म्हणजे पोट साफ करणारं औषध. तरुणांच्या तोंडी तेच शब्द जुलाब थांबवायच्या औषधासाठी येतात. पुड्याही तशाच. आत पांढरी पावडर, बाहेर संत्र्याचं चित्र, आणि सूचना इतक्या बारीक अक्षरात की चष्मा लागतो.

'इलेक्ट्रोलाइट्स' वाचलं, म्हणजे ओआरएसच

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून आधी हीच सांगतो.

आमच्या गल्लीतल्या एका काकांना यात्रेहून आल्यावर रात्रीपासून जुलाब सुरू झाले. मुलगा पुण्याला. त्याने फोनवर आईला विचारलं, "जुलाबाची पुडी आहे का घरात?" काकू म्हणाल्या, "आहे की, डब्यात चार आहेत." त्या पुड्या काकूंच्याच होत्या, बद्धकोष्ठतेसाठी डॉक्टरांनी दिलेल्या. खोका कधीच फेकून दिलेला, डब्यात सुट्ट्या पुड्या. मुलाने खात्रीसाठी पुढच्या बाजूचा फोटो मागवला. त्यावर मोठ्या अक्षरात 'इलेक्ट्रोलाइट्स' होतं. तो म्हणाला, "हेच ते, दे." पहिल्या पुडीनंतर जुलाब वाढले. त्यांना वाटलं ओआरएस लागू पडायला वेळ लागतो, म्हणून दुसरी दिली, मग तिसरी. दुपारी काकू रिकामं पाकीट घेऊन माझ्याकडे आल्या, "अजून चार द्या."

मी पाकीट उलटं केलं आणि आधी चौथी पुडी कुठे आहे ते विचारलं. नशिबाने ती फोडलेली नव्हती. काकांना लगेच दवाखान्यात पाठवलं, दोन बाटल्या सलाईन लागलं, संध्याकाळपर्यंत बोलायला लागले.

त्या पाकिटावर मागे काय होतं ते नीट सांगतो, कारण फसवणारी जागा तिथेच आहे. पहिल्या ओळीत मॅक्रोगोल 13.125 ग्रॅम. खाली सोडियम क्लोराइड, सोडियम बायकार्बोनेट, पोटॅशियम क्लोराइड. आता जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची, एक लिटरची ओआरएसची पुडी घ्या. त्यात ग्लुकोज 13.5 ग्रॅम, सोडियम क्लोराइड 2.6, पोटॅशियम क्लोराइड 1.5 आणि सोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम असतं. दोन्हीकडे तेरा ग्रॅमच्या आसपासची एक मोठी वस्तू आणि तिच्यासोबत मीठ. घाईने वाचणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटतं. पण ती मोठी वस्तू कोणती, यावर सगळं ठरतं. ग्लुकोज आतड्यातून शरीरात शोषलं जातं आणि जाताना मिठाला, मिठासोबत पाण्याला आत ओढून नेतं. मॅक्रोगोल शोषलंच जात नाही. ते पाणी आतड्यात धरून ठेवतं, म्हणून शौचाला पातळ होतं. त्यातलं मीठ फक्त शरीरातले क्षार बिघडू नयेत एवढ्यासाठी थोडंसं घातलेलं असतं. सोडियम क्लोराइड जेमतेम एक तृतीयांश ग्रॅम. म्हणजे काकांच्या पोटातून जे पाणी आधीच चाललं होतं, त्याला आम्हीच आणखी वाट करून दिली.

मी एकच सवय लावून घेतलीय. पुढची बाजू वाचायचीच नाही. पुडी उलटी करायची आणि 'डायरेक्शन्स'च्या ओळीत पाणी किती आणि कधी प्यायचं, हे दोन शब्द शोधायचे. ओआरएसवर एक लिटर किंवा 200 मिली पाणी लिहिलेलं असतं, आणि सोबत तयार पाणी 24 तासांत संपवा, असं. काकूंच्या पुडीवर 125 मिली पाणी होतं आणि दिवसाला किती पुड्या घ्यायच्या ते होतं. अ‍ॅसिडिटीच्या पावडरीवर बहुतेक एक ग्लास, 150 मिलीच्या आसपास पाणी असतं आणि फसफसत असताना किंवा बुडबुडे बसल्यावर लगेच पिऊन टाका, असं लिहिलेलं असतं. दिवसभर घोटघोट प्यायचं असं सांगणारी या तिघींत एकच, ती ओआरएस.

एक अपवाद लक्षात ठेवा. कोलोनोस्कोपीच्या आधी आतडं धुवायला देतात त्या पावडरीवरही लिटर लिहिलेलं असतं, बहुतेक दोन लिटर, आणि 'इलेक्ट्रोलाइट्स'ही असतं. पण तिचं पाकीट शंभर ग्रॅमच्या वर, हाताला जड लागतं. तपासणी झाल्यावर उरलेलं पाकीट कुणी घरात ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडे ते परत घेऊन आलात तर मी फेकून देतो, पैसे मागू नका.

एक लिटरची पुडी ग्लासभर पाण्यात

बरोबर पुडी ओळखली तरी काम संपत नाही. गेल्या उन्हाळ्यात एक ताई दीड वर्षाच्या बाळाला घेऊन आल्या. बाळ चिडचिडं, ओठ कोरडे, पाण्यासाठी हात पुढे करतंय आणि पाणी दिलं की उलटी. आशाताईंनी दिलेली ओआरएसची पुडी त्यांनी सकाळीच दिली होती. "कशात घातली?" "दुधाच्या बाटलीत." "सगळी?" "हो, पुडी एकच होती ना."

एक लिटरची पुडी 200 मिलीच्या बाटलीत, म्हणजे पाचपट घट्ट पाणी. नीट बनवलेल्या ओआरएसमध्ये लिटरमागे 75 मिलिमोल सोडियम असतं. त्या बाटलीत ते 375 झालं होतं. रक्तातल्या सोडियमच्या दुपटीहून जास्त. एवढं घट्ट पाणी आतड्यात गेलं की शोषण बाजूलाच राहतं, उलट शरीरातलं पाणी आतड्यात ओढलं जातं. म्हणजे ओआरएस पोट साफ करायच्या पावडरीसारखंच वागायला लागतं, आणि वर रक्तात मीठ वाढतं. बाळाची ती तहान त्या मिठाचीच होती. अशा वेळी घरी आणखी काही पाजत बसायचं नसतं. मी त्यांना पाठोपाठ बालरोगतज्ज्ञांकडे नेलं आणि पाकीट त्यांच्या हातात दिलं, म्हणजे किती मीठ गेलंय ते त्यांना लगेच कळेल.

यावर लोक जो शॉर्टकट काढतात, तोही मला मान्य नाही. "लिटरभर कुठे पिणार, चिमूटचिमूट टाकतो ग्लासात." पुडीत चार पावडरी मिसळलेल्या असतात. तुमच्या चिमटीत कधी साखर जास्त येईल, कधी मीठ. पुडी अख्खीच फोडायची आणि अख्ख्या मापात विरघळवायची. बाळ लहान असेल आणि लिटर वाया जाईल असं वाटत असेल, तर 200 मिलीची छोटी पुडी मागून घ्या, साधारण चार ग्रॅमची येते. मोठी पुडी वीस ग्रॅमच्या आसपास. वजन पुडीवर 'नेट' या शब्दाजवळ छापलेलं असतं, त्यावरूनही पाण्याच्या मापाची खातरजमा होते.

लिटर म्हणजे किती, हा पुढचा घोळ. घरचा तांब्या लिटरचा आहे, असं सगळे सांगतात आणि मोजला की तो 700 निघतो. मी गिऱ्हाइकाला एकच सांगतो. एक लिटरची पाण्याची बाटली भरून ती तांब्यात ओता आणि पाणी जिथपर्यंत येईल तिथे नेलपॉलिशने रेघ मारा. आमच्या घरातल्या पातेल्यावर अशी लाल रेघ कित्येक वर्षं आहे. पाणी उकळून गार केलेलं घ्या, पावडर घातल्यावर उकळू नका. मग दोन वर्षांखालच्या बाळाला दर पातळ शौचानंतर 50 ते 100 मिली, चमच्याने, थोडं थोडं. त्याहून मोठ्या मुलाला 100 ते 200. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू. मूल सुस्त पडलं, लघवी थांबली किंवा शौचातून रक्त आलं तर पुडीच्या भरवशावर बसू नका.

बाकीच्या, थोडक्यात

फसफसतं का बघून ओळखणं. अ‍ॅसिडिटीच्या पावडरीत सोडा आणि सायट्रिक आम्ल असतं, म्हणून ती फसफसते, इथपर्यंत ठीक. पण ओआरएस फसफसत नाही आणि काकूंची पावडरही फसफसत नव्हती. जिथे गफलत जीवावर येते, तिथेच ही परीक्षा काही सांगत नाही.

अ‍ॅसिडिटीची पावडर 'मिठाचीच तर आहे' म्हणून जुलाबात देणं. त्यात ग्लुकोज नाही, पोटॅशियम नाही. देऊ नका. रक्तदाबाच्या पेशंटने तर ती रोज उठून घेऊच नये, तिच्यातही सोडियम भरपूर असतं.

इसबगोलची पुडी दोन घोट पाण्यात ढवळून ठेवणं. ती फुगते, लगद्यासारखी होते आणि म्हाताऱ्या माणसाच्या घशात अडकते. मोठा ग्लास भरून पाणी, ढवळलं की लगेच प्यायचं, वर आणखी एक ग्लास.

नावात ओआरएस आहे म्हणून गोड पेयाची पावडर घेणं. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, खाद्यपदार्थांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली, पण जुना माल कुणाच्या कपाटात असेल तर सांगता येत नाही. पुडीवर 'ओरल रिहायड्रेशन सॉल्ट्स' आणि पुढे 'आय.पी.' आहे का बघा. नुसता एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक असेल तर ते खाद्य आहे, औषध नव्हे.

ओआरएस दुधात, सरबतात घालणं किंवा चव यावी म्हणून वर साखर टाकणं. नको. माप बिघडतं.

आणि पुडी फाडताना छापलेल्या बाजूने फाडणं. मी नेहमी सूचना छापल्या नाहीत त्या टोकाला कात्रीने कापतो, आणि रिकामं पाकीट तयार पाण्याच्या भांड्याखालीच दाबून ठेवतो, कधी बनवलं ती वेळ त्यावर पेनने लिहून. काकूंच्या डब्यातही आता खोक्यासकट पुड्या आहेत आणि खोक्यावर मार्करने मी स्वतः लिहून दिलंय: 'शौचाला होत नसेल तेव्हा. 125 मिली.' दुसऱ्या खोक्यावर: 'पातळ होत असेल तेव्हा. 1 लिटर.' 'जुलाब' हा शब्द दोन्हींवर लिहिलेला नाही.