शेण आधी गॅसला, मग खताला: मृगाच्या पेरणीची तयारी फेब्रुवारीतच

फेब्रुवारीत सोयाबीनचं भुसकट गंजीला असतं, तुरीची मळणी उरकत आलेली असते. खत लावायला हाच महिना धरा. आता लावलेलं खत कुजायला साडेतीन महिने मिळतात आणि ते मृगाच्या पेरणीआधी हाताशी येतं. एप्रिलमध्ये जागं झालो तर जूनमध्ये अर्धकच्चं शेणखत रानात पडतं आणि त्याच्यासोबत हुमणीच्या अळ्या थेट सोयाबीनच्या मुळाशी पोचतात.

दोन म्हशी, एक संकरित गाय आणि एक बैलजोडी असलेलं घर धरू. रोजचं शेण ६० किलोच्या आसपास. बैलांचं निम्मं रानात पडतं, म्हणून गोठ्यात ५० किलो हाती लागतं. या सगळ्या शेणाच्या गोवऱ्या थापल्या तर वाळून जेमतेम १० किलो भरतात, आणि चुलीत त्यांची बरीचशी आच वाया जाते. शिवाय शेणातला नत्र धुराबरोबर जातो. हेच ५० किलो शेण २ घनमीटरच्या गोबरगॅसला घातलं तर पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो आणि नत्र, स्फुरद, पालाश स्लरीत शाबूत राहतं. म्हणून शेणाचा पहिला मान गॅसला द्यावा.

आपल्याकडे अडतं ते पाण्यावर. शेणाइतकंच पाणी लागतं, म्हणजे रोज ५० लिटर. मार्चनंतर टँकरची वाट बघणाऱ्या गावात हे जड वाटणारच. जनावरांना धुतलेलं पाणी, भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं. साबणाचं किंवा फिनेलचं पाणी मात्र टाकीत जाऊ देऊ नका. गॅस तयार करणारे जिवाणूच त्यानं मरतात. पाणी वाचवायला शेण घट्ट कालवलं तर वर साय धरते आणि स्लरी बाहेर पडत नाही. फार पातळ केलं तर जड भाग तळाला बसून गॅस घटतो. काला भज्याच्या पिठाइतका सरबरीत हवा. त्यातले खडे, माती, कडब्याचे तुकडे हातानं काढूनच तो टाकीत सोडा.

शेगडीची ज्योत फडफडत असेल तर नळीत पाणी साठलंय, ते काढून टाका. गळती शोधायला साबणाचा फेस लावा, काडी ओढून बघू नका. आणि टाकी कितीही रिकामी दिसली तरी आत माणूस उतरवायचा नाही. आतल्या वायूनं एका श्वासात शुद्ध हरपते, आणि वाचवायला उतरलेला दुसराही तिथंच राहतो.

आता स्लरी. बाहेर पडणारी रोजची ९०-९५ लिटर स्लरी उन्हात वाळवण्याची पद्धत आहे. ती सोडा, कारण स्लरीतला बराच नत्र अमोनियाच्या रूपात असतो आणि उघड्यावर उडून जातो. ती भुसकटाला पाजा. दोनदा वापरलेलं हे पाणी आपल्या भागात फार मोलाचं आहे. कंपोस्टसाठी वेगळं पाणी जवळपास लागतच नाही.

लिंबाच्या सावलीत, पाणी न साचणाऱ्या उंचवट्यावर १० फूट लांब आणि ६ फूट रुंद जागा आखा. काळ्या रानात खड्डा खोदला तर पावसात तो भरतो, म्हणून जमिनीवरच ढीग बरा. खाली तुराट्यांचा थर द्या म्हणजे हवा खेळेल. त्यावर अर्धा फूट भुसकट, वर त्या दिवसाची स्लरी, मग मूठ-मूठ माती. असा थरावर थर देत तीन फुटांपर्यंत या आणि वरून शेणमातीनं लिंपा. पऱ्हाट्या घालायच्या तर बारीक कुट्टी करूनच, नाहीतर त्या वर्षभर तशाच राहतात.

आठवड्यानं ढिगात लोखंडी सळई खुपसा आणि थोड्या वेळानं काढून हात लावा. चटका बसला तर कुजणं सुरू झालंय. थंड लागली तर आतला पाला मुठीत दाबून बघा. ओलच नसेल तर स्लरी वाढवा. पाणी टपकत असेल आणि घाण वास येत असेल तर कोरडं भुसकट मिसळून ढीग उलटा. महिन्यानं एकदा तरी उलथापालथ कराच.

मेअखेरीस खत काळंभोर, भुरभुरीत आणि मातीच्या वासाचं व्हायला हवं. रानात त्याचे छोटे ढीग घालून महिनाभर उन्हात ठेवू नका. कुळवाच्या शेवटच्या पाळीआधी पसरा आणि त्याच दिवशी मातीत मिसळा. सोयाबीनला एकरी दोन टन पुरेसं होतं.

गोवऱ्या लावायच्याच तर बैलांचं रानात पडलेलं शेण गोळा करून लावा, पाणी तापवायला त्या उपयोगी पडतात. चार-पाच दिवसांनी उलटवून दोन्ही बाजू वाळवा आणि अवकाळीच्या आधी पत्र्याखाली रचा. त्यांची राख उकिरड्यावर न टाकता कंपोस्टच्या थरात घाला, पालाश तिच्यात शिल्लक असतं.